द्रोण की झालर? क्रोशाचा चौकोन सपाट का बसत नाही

मामेबहिणीच्या लेकीची ही पहिली थंडी. डिसेंबरात इंदूरची रात्र कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून मावशीनं आणि मी मिळून तिच्यासाठी चौकोनांचं पांघरूण करायचं ठरवलं. एकूण चोवीस चौकोन, बारा मावशीचे आणि बारा माझे. लोकर एकाच दुकानातली, सुई दोघींची ४ मिलिमीटरची, नमुना एकच, प्रत्येक चौकोन सहा फेऱ्यांचा. आठवड्यानं आम्ही पहिले तीन-तीन चौकोन घेऊन जेवणाच्या टेबलावर बसलो. माझे चौकोन द्रोणासारखे झाले होते. मधोमध दाबलं की चारही कोपरे वर उचलायचे. मावशीच्या चौकोनांना कडेनं झालर आली होती. मधला भाग सपाट आणि कडा लहान मुलीच्या फ्रॉकसारखी लाटा खात असलेली.

मावशी चाळीस वर्षं क्रोशे करते आहे. मी तीन वर्षं. त्यामुळे माझं चुकलं यात कुणालाच नवल वाटलं नाही, पण मावशीचंही चुकलं म्हटल्यावर तिनं चष्मा लावून टाके मोजले आणि म्हणाली, "अगं, आकडे तर सगळे बरोबर आहेत. मग ही लाट आली कुठून?" या प्रश्नाचं उत्तर शोधताना आम्हाला जे कळलं ते आज लिहिते आहे, कारण हा त्रास चौकोन करणाऱ्या प्रत्येकीला आणि प्रत्येकाला कधी ना कधी होतो.

आधी शब्दांचं एक ठरवून घेऊ. साखळी म्हणजे साखळी. मुका खांब म्हणजे सगळ्यांत बुटका टाका. त्याहून थोडा उंच तो अर्धा खांब. सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेऊन दोन-दोन टाके उतरवत केलेला तो पूर्ण खांब, आणि या लेखात नुसतं 'खांब' म्हटलं की हाच. आमचा चौकोन खांबांचा, भरीव, मध्यापासून गोल गोल वाढत जाणारा होता.

नमुना असा. चार साखळ्यांचं कडं करायचं. तीन साखळ्या घालायच्या, त्या पहिला खांब म्हणून धरायच्या. कड्यात आणखी दोन खांब, मग कोपऱ्याच्या दोन साखळ्या. मग तीन खांब आणि दोन साखळ्या असं आणखी तीनदा, आणि स्लिप स्टिचनं फेरी बंद. दुसऱ्या फेरीपासून पुढे नियम एकच: बाजूवरच्या प्रत्येक खांबावर एक खांब, आणि कोपऱ्याच्या साखळीच्या जागेत दोन खांब, दोन साखळ्या, दोन खांब. म्हणजे प्रत्येक फेरीत प्रत्येक बाजूला चार खांब वाढतात, दोन या कोपऱ्याचे आणि दोन त्या कोपऱ्याचे. एका बाजूवर पहिल्या फेरीत ३ खांब, दुसऱ्या फेरीत ७, मग ११, १५, १९ आणि सहाव्या फेरीत २३.

पण चारच का? तीन का नाहीत, पाच का नाहीत? हे मी तीन वर्षांत कधी स्वतःला विचारलं नव्हतं. नमुन्यात लिहिलंय म्हणून करत होते.

उत्तरासाठी सुई बाजूला ठेवून एक चौकोनी कागद घ्या. दोन्ही तिरक्या घड्या घाला आणि उघडा. कागदावर चार त्रिकोण दिसतील. प्रत्येकाचं टोक मध्यात आणि पाया कडेवर. या त्रिकोणाची उंची म्हणजे मध्यापासून बाजूपर्यंतचं अंतर, आणि पाया म्हणजे पूर्ण बाजू. चौकोन कुठलाही घ्या, पाया उंचीच्या बरोबर दुप्पट असतो. आता समजा, त्या त्रिकोणांचा पाया उंचीच्या दीडपटच ठेवला आणि चारही त्रिकोण कडेनं एकमेकांना चिकटवले, तर ते टेबलावर सपाट बसणार नाहीत. मध्यातलं टोक उचलून तंबू उभा राहील. तोच तंबू उलटा धरला की द्रोण. उलट, पाया दुपटीपेक्षा जास्त ठेवला तर चार त्रिकोण मिळून पूर्ण वर्तुळात मावणारच नाहीत, कुठेतरी चुणी पडेल. ती झालर.

क्रोशाचा चौकोन हेच चार त्रिकोण आहेत. प्रत्येक फेरी त्रिकोणाची उंची एका खांबाच्या उंचीइतकी वाढवते. म्हणून त्याच फेरीत पाया दोन खांबांच्या उंचीइतका वाढला पाहिजे. पाया मात्र आपण खांबांच्या रुंदीनं वाढवतो. तेव्हा हिशेब एवढाच:

एका बाजूवर एका फेरीत वाढवायचे टाके = २ × (टाक्याची उंची ÷ टाक्याची रुंदी)

बहुतेक हातांत पूर्ण खांब रुंदीच्या साधारण दुप्पट उंच येतो. दोन गुणिले दोन, चार. नमुन्यातले चार खांब इथून आले. मुका खांब जेवढा उंच तेवढाच रुंद असतो, म्हणून मुक्या खांबांच्या चौकोनात प्रत्येक बाजूला दोनच टाके वाढतात. अर्धा खांब मधला, त्याला तीन. आणि हे सगळे टाके कोपऱ्यातच वाढवायचे, कारण बाजूच्या मधल्या भागात वरची फेरी खालच्या फेरीला समांतर चालते, तिथे टाक्यावर टाका पुरतो. लांबी कमी पडते ती फक्त वळणावर.

इंग्रजी नमुने वाचणाऱ्यांसाठी इथेच एक खड्डा आहे. ब्रिटिश नमुन्यात 'डबल क्रोशे' म्हणजे आपला मुका खांब, आणि अमेरिकन नमुन्यात 'डबल क्रोशे' म्हणजे आपला पूर्ण खांब. ब्रिटिश पुस्तकातला बाजूला दोन टाके वाढवणारा चौकोन कुणी पूर्ण खांबांनी केला, तर लागणाऱ्या वाढीच्या निम्मीच वाढ मिळते आणि चौकोनाची चक्क टोपी होते. अमेरिकन नमुना मुक्या खांबांनी केला तर उलट, दुप्पट वाढ आणि भरगच्च झालर. नमुन्यात 'सिंगल क्रोशे' हा शब्द कुठेही दिसला तर तो अमेरिकन समजायचा, कारण ब्रिटिश पद्धतीत हा शब्द नाहीच.

आमचा नमुना मात्र दोघींनी नीट वाचला होता. तेव्हा टेबलावरच्या चौकोनांकडे वळू. आधी माझा द्रोण.

ऑफिसात काही बिघडलं की मी पहिली गोष्ट विचारते ती ही, की हे नेमकं कुठपासून बिघडलं. क्रोशात हे शोधणं फार सोपं असतं, कारण प्रत्येक फेरी डोळ्यांसमोर शाबूत असते. मी मध्यापासून बाहेर येत प्रत्येक फेरीतली एकेक बाजू मोजली. असायला हवे होते ३, ७, ११, १५, १९, २३. निघाले ३, ६, ९, १२, १५, १८. चारही बाजूंना हेच आकडे.

या आकड्यांकडे जरा थांबून बघा, कारण सगळं निदान त्यांच्यातच आहे. चारही बाजू सारख्याच चुकल्या आहेत, म्हणजे ही एखाद्या वेळची नजरचूक नाही, ती सवय आहे. आणि दर फेरीत चाराऐवजी तीनच वाढले आहेत, म्हणजे प्रत्येक बाजूला प्रत्येक फेरीत मी एक खांब सोडते आहे. कुठला? मावशीनं सुईच्या टोकानं लगेच दाखवला. कोपऱ्याच्या जागेत दोन खांब घातले की ते पुढच्या बाजूकडे कलतात, आणि बाजूवरचा पहिला खांब त्यांच्या खाली झाकला जातो. वरून बघताना तो दिसतच नाही. मी त्याच्या पुढच्या खांबात सुई घालत होते आणि मला ते अगदी बरोबर वाटत होतं.

त्यावरचा उपाय मावशीनं सांगितला तो असा. कोपऱ्यातले दोन खांब झाले की त्यांना अंगठ्यानं थोडं मागे, म्हणजे कोपऱ्याकडे सरकवायचं. खाली दडलेला टाका उघडा पडतो. तरी दिसत नसेल तर मागच्या फेरीतच, कोपऱ्यानंतरच्या पहिल्या खांबाच्या डोक्यात छोटी सेफ्टी पिन अडकवून ठेवायची. चार कोपरे, चार पिना. दोन चौकोनांनंतर बोटांना तो टाका आपोआप सापडायला लागतो.

यातच दुसरा एक प्रकार ओळखून ठेवा. तीन बाजू बरोबर आहेत आणि एकाच बाजूला एक खांब कमी किंवा जास्त आहे, असं असेल तर चूक बहुतेक वेळा फेरीच्या सुरुवातीला असते. सुरुवातीच्या तीन साखळ्या आपण खांब म्हणून धरल्या, पण फेरी बंद करताना किंवा पुढच्या फेरीत त्यांच्या डोक्यात टाका घ्यायला विसरलो, की ती बाजू एकानं घटते. उलट, फेरी बंद करणाऱ्या स्लिप स्टिचलाच खांब समजून त्यात टाका घातला की एकानं वाढते. अशा चौकोनात द्रोण किंवा झालर फारशी दिसत नाही, तो एका बाजूला तिरका ओढल्यासारखा दिसतो.

आता प्रश्न असा येतो की कुठली चूक उसवायची आणि कुठली सोडून द्यायची. समजा तिसऱ्या फेरीत एकदाच चारही बाजूंना एकेक खांब राहून गेला, पण पुढच्या सगळ्या फेऱ्यांत वाढ बरोबर चारची झाली. तर घट कायम चार खांबांचीच राहते. तिसऱ्या फेरीत एकूण ४४ खांबांत चार कमी म्हणजे बरीच ओढ, पण सहाव्या फेरीत ९२ खांबांत चार कमी म्हणजे जाणवेल न जाणवेल अशी. एकदाची चूक चौकोन मोठा होताना पातळ होत जाते. माझी चूक दर फेरीची होती. तिसऱ्या फेरीत ४४ च्या जागी ३६, सहाव्या फेरीत ९२ च्या जागी ७२. ही चूक साठत जाते, आणि कितीही फेऱ्या घातल्या तरी चौकोन सपाटीकडे येत नाही, द्रोण तेवढा मोठा होत जातो. "अजून दोन फेऱ्या घालून बघू, बसेल आपोआप" असं मी दोनदा केलं होतं. ते पहिल्या प्रकारात चालतं, दुसऱ्यात नाही.

मी माझे तिन्ही चौकोन पहिल्या फेरीपर्यंत उसवले. पुन्हा घातले, बाजू २३ आली आणि चौकोन टेबलावर पोळीसारखा पसरला.

आता मावशीचा चौकोन. तिचे आकडे ३, ७, ११, १५, १९, २३ असे बिनचूक होते. म्हणजे मोजण्यात चूक नव्हती. मावशीचा पहिला विचार असा की सुई मोठी झाली असेल. तिनं साडेतीन मिलिमीटरची सुई घेऊन एक चौकोन पुन्हा केला. चौकोन लहान झाला, झालर तशीच राहिली. कागदाच्या त्रिकोणाची गोष्ट आठवली की हे का झालं ते कळतं. सुई लहान केली की खांबाची रुंदी कमी होते, पण उंचीही त्याच बेतानं कमी होते. त्यांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास तसंच राहतं. आणि सपाटपणा प्रमाणावर ठरतो, मापावर नाही.

सुई बदलून काम होतं ते वेगळ्या वेळी. चौकोन चार फेऱ्यांपर्यंत सपाट होता आणि पाचव्या फेरीपासून द्रोण व्हायला लागला, टाके मात्र बरोबर आहेत, असं असेल तर हात मध्येच घट्ट झालेला असतो. मालिका बघता बघता विणलं, दुसऱ्या दिवशी घाईत विणलं, की असं होतं. तिथे बाहेरच्या फेऱ्या उसवून अर्ध्या मिलिमीटरनं मोठ्या सुईनं घातल्या की जमतं, कारण आतल्या फेऱ्या तशाच राहून फक्त बाहेरच्या मोठ्या होतात. मावशीची झालर दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपासूनच सुरू होत होती, म्हणून हा उपाय तिच्या कामाचा नव्हता.

मग आम्ही मोजपट्टी घेतली. माप विणलेल्या चौकोनावरच घ्यायचं, वेगळ्या सरळ पट्टीवर नाही. पट्टी विणताना आपण प्रत्येक ओळीला काम उलटतो, चौकोनात उलटत नाही, आणि त्यानं उंचीत थोडा फरक पडतो. रुंदीसाठी शेवटच्या फेरीत बाजूच्या मधले दहा खांब बोटांनी सपाट धरून मोजायचे. लाट असेल तर तेवढाच तुकडा टेबलावर दाबून धरायचा, ताणायचा नाही. उंचीसाठी चौकोनाच्या मध्यापासून बाजूच्या मधोमध सरळ अंतर मोजून त्याला फेऱ्यांच्या संख्येनं भागायचं. कोपऱ्याकडे तिरकं मोजू नका, ते अंतर जास्त येतं.

मावशीचे दहा खांब साडेसहा सेंटिमीटर भरले, म्हणजे एक खांब ०.६५ सेंटिमीटर रुंद. मध्यापासून बाजूपर्यंत ६.६ सेंटिमीटर, सहा फेऱ्या, म्हणजे एक खांब १.१ सेंटिमीटर उंच. १.१ ला ०.६५ नं भागलं तर १.७ च्या जवळ येतं. दुप्पट केली की ३.४. तिच्या हाताला दर फेरीत दर बाजूला ३.४ खांब हवे होते आणि नमुना तिला चार घालायला लावत होता. मी माझा दुरुस्त केलेला चौकोन मोजला. दहा खांब साडेपाच सेंटिमीटर आणि उंची तीच १.१. बरोबर दुप्पट. नमुना माझ्या हाताला जुळत होता, तिच्या हाताला नाही.

झालर किती मोठी होती तेही यातूनच कळतं. मध्यापासून बाजू ६.६ सेंटिमीटर दूर असेल तर पूर्ण बाजू १३.२ आणि चार बाजूंचा घेर ५३ सेंटिमीटरच्या आसपास हवा. मावशीच्या कडेवर कोपऱ्यासकट बाजूला २४ खांबांची जागा होती. तिच्या रुंदीनं ती १५.६ सेंटिमीटर, म्हणजे घेर ६२ च्या वर. त्रेपन्न सेंटिमीटरच्या जागेत बासष्ट सेंटिमीटरची कड कोंबली होती. ती लाटा खाणार नाही तर काय करणार?

दोघींचे खांब वेगळे का येतात हे बघायला आम्ही एकमेकींचे हात बघत विणलं. खांबाची उंची ठरते ती पहिल्याच फासावरून. सुई टाक्यात घालून दोरा बाहेर ओढला की तो फास काहीजण वर उचलतात, काहीजण आहे तिथेच ठेवतात आणि काहीजण दोरा मागे खेचून बसवतात. मावशी खेचणाऱ्यांपैकी. तिनं आयुष्यभर बारीक दोऱ्याचे रुमाल आणि तोरणं केली, आणि तिथे टाका घट्ट बसवावाच लागतो. त्या सवयीनं तिचा खांब बुटका येतो. जे फास वर उचलतात त्यांचा खांब उंच आणि बारीक येतो, आणि त्यांचा चौकोन टाके बरोबर असूनही द्रोण होतो. त्यांना चारापेक्षा जास्त वाढ लागते.

"म्हणजे मी आता माझा हात बदलू?" मावशीनं विचारलं. चाळीस वर्षांचा हात बारा चौकोनांसाठी बदलत नाही, आणि बदलायचा प्रयत्न केला तर अर्धे टाके जुन्या सवयीचे आणि अर्धे नव्या सवयीचे येऊन काम आणखी बिघडतं. त्यापेक्षा आकडे बदलणं सोपं.

पण ३.४ खांब घालता येत नाहीत. इथे सरासरीनं काम करायचं. दोन फेऱ्या नेहमीच्या, म्हणजे बाजूला चार वाढ, आणि तिसऱ्या फेरीत कोपऱ्यात दोनाऐवजी एकेकच खांब घालायचा: एक खांब, दोन साखळ्या, एक खांब. त्या फेरीत बाजूला दोनच वाढतात. चार, चार आणि दोन मिळून दहा, तीन फेऱ्यांत वाटले की ३.३. जवळ आलं. आम्ही कमी वाढीच्या फेऱ्या तिसरी आणि सहावी अशा ठेवल्या. एका बाजूचे खांब झाले ३, ७, ९, १३, १७ आणि १९. कोपरा धरून वीस खांबांची जागा, तिच्या रुंदीनं १३ सेंटिमीटर. हव्या होत्या १३.२. चौकोन विणून टेबलावर ठेवला आणि मावशीनं त्याच्यावरून तळहात फिरवला. कुठेही लाट लागली नाही.

तुमच्या हाताचा हिशेब वेगळा येईल. ३.७ च्या वर आणि ४.३ च्या खाली आला तर नमुन्याला हात लावू नका, लोकर तेवढं सांभाळून घेते. ३.५ च्या आसपास आला तर दर चौथ्या फेरीत कोपऱ्यात एकेक खांब घाला. साडेचारच्या आसपास आला, म्हणजे तुम्ही फास उचलणाऱ्यांपैकी असाल, तर दर चौथ्या फेरीत कोपऱ्यात तीन खांब, दोन साखळ्या, तीन खांब घाला. त्या फेरीत बाजूला सहा वाढतात आणि चार फेऱ्यांची सरासरी साडेचार येते.

कोपऱ्यातल्या साखळ्या कमी-जास्त करून हे साधेल का, असंही कुणी विचारेल. थोडंसंच. कोपऱ्याच्या दोन साखळ्या पुढच्या फेरीत खाली दबून जातात आणि त्यांच्या जागी नव्या दोन येतात. त्या खांबांसारख्या साठत नाहीत. म्हणून साखळी दोनाची तीन किंवा एक केली तर फक्त त्या फेरीची कड थोडी सैल किंवा घट्ट होते. शेवटच्या फेरीला किंचित लाट असेल तर तिथे एक साखळी कमी करणं चांगलं, पण सहा फेऱ्यांची झालर त्यानं जात नाही.

जाळीचा नेहमीचा ग्रॅनी स्क्वेअर करणाऱ्यांसाठीही हाच हिशेब आहे. त्यात दर फेरीत बाजूला तीन खांबांचा एक गुच्छ वाढतो, आणि गुच्छांच्या मध्ये एक साखळी असेल तर ती धरून तीन अधिक एक, चारच. काही नमुन्यांत ती मधली साखळी असते, काहींत नसते. चौकोन द्रोण होत असेल तर ती घाला, झालर येत असेल तर काढून टाका. बाकी नमुन्याला हात लावावा लागत नाही.

किंचित वाकलेले चौकोन वाफेनंही बसतात. परीक्षा सोपी आहे. चौकोन टेबलावर ठेवून तळहातानं हलका दाबायचा. दाबल्यावर सगळीकडे सपाट झाला तर कापडावर पिनांनी ताणून वाफ द्या आणि वाळू द्या, जमेल. दाबल्यावर कुठे चुणी उभी राहिली, किंवा हात काढताच मध्य टुणकन वर आला, तर उसवा. आणि लोकर ॲक्रिलिक असेल तर इस्त्री टेकवू नका, वाफ वरूनच द्या. उष्णतेनं ॲक्रिलिकचा ताठपणा कायमचा जातो, तो नंतर परत येत नाही. आधी एखाद्या फुकट गेलेल्या तुकड्यावर बघा.

शेवटी एक अडचण उरलीच. माझ्या चौकोनाची बाजू २३ खांबांची आणि मावशीची १९ ची. जोडायचे कसे? मावशी म्हणाली, "लांबी एकच आहे ना? मग झालं." आम्ही दोन चौकोन पाठीला पाठ लावून मुक्या खांबांनी जोडले, आणि सारख्या अंतरावर चार ठिकाणी माझे दोन टाके तिच्या एका टाक्याबरोबर उचलले. तिचे रुंद आणि माझे अरुंद टाके एका रेषेत बसले. चोवीस चौकोन, चार आडवे आणि सहा उभे, साधारण बावन्न बाय अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटरचं पांघरूण झालं. जोडावर बोट फिरवलं तर कुठे चुणी नाही.

तुमच्याकडेही डब्यात पडून राहिलेला असा एखादा द्रोण असेल. उसवायच्या आधी त्याची एक बाजू मध्यापासून मोजत या आणि आकडे कागदावर लिहा. आकडे चुकले असतील तर कोपऱ्यानंतरचा दडलेला टाका शोधा. आकडे बरोबर असतील तर मोजपट्टी काढा.

पुढच्या वेळी जोडणीबद्दल सविस्तर. मावशीला तीन पद्धती येतात, मला आत्तापर्यंत एकच आली आहे.